मनोरीला उतरलेली स्कूटर

समजा, तुम्हाला मार्व्याहून मनोरीला जायचंय आणि तुमच्याकडे स्कूटर आहे. रस्त्याने जायचं तर भाईंदर, उत्तन असा सगळा वळसा घालावा लागतो, आणि मनोरी तर समोर दिसत असते, खाडीच्या पलीकडे. म्हणून तुम्ही बोटीचं तिकीट काढता. माणसाचं वेगळं, गाडीचं वेगळं. मग ब्रेक दाबत दाबत धक्क्याच्या उतारावरून खाली यायचं. ओहोटी असेल तर बोट पार खाली लागलेली असते आणि शेवटच्या टप्प्यावर शेवाळ असतं, तिथे चाक सरकतं. फळीवरून गाडी वर चढवताना खलाशी मागून धरतो. आधी आलेल्या गाड्या आत जातात, शेवटी आलेली बोटीच्या तोंडाशी राहते. तुम्ही सवयीने चावी फिरवून हँडल लॉक करायला जाता आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "ओ भाऊ, लॉक नको! लॉक नको मारू!"

कारण पलीकडे पोचल्यावर तोंडाशी असलेली गाडी आधी निघाली पाहिजे. ती निघाल्याशिवाय मागचं कुणी हलू शकत नाही. गाडीवाला कठड्याशी उभा राहून पाणी बघत असेल तर त्याची वाट कोण बघणार? जो जवळ असेल तो गाडी धरतो, बाहेर काढतो, वर नेऊन कडेला स्टँडवर लावतो. विचारत कुणी नाही, आभारही कुणी मानत नाही. मालक मागून येतो, चावी लावतो, निघून जातो. या बोटीवर वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

मालन घाडी या बोटीने अकरा वर्षं रोज ये-जा करत होती, पण तिला स्कूटर चालवता येत नाही. ती गाड्यांच्या बाजूला कधी उभी राहिलीच नव्हती.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनोरीच्या बाजूला एका खासगी कंपनीत इंजिनीअर म्हणून खाडीच्या पाण्याची मोजमापं घेण्याचं काम करत होते. पाण्याची पातळी, प्रवाहाचा वेग, गाळ. सकाळी साधारण एकाच वेळेच्या बोटीला आम्ही दोघी असायचो. पन्नाशीची बाई, रंगाने सावळी, सुती साडी वर खोचलेली, पायात रबरी चपला. ती बसायची नाही. बोट मनोरीला टेकत आली की सरकत सरकत तोंडाच्या एका बाजूला यायची आणि तिथेच थांबायची. सगळे उतरायचे, गाड्या उतरायच्या, मासळीच्या रिकाम्या टोपल्या उतरायच्या, मग सगळ्यांत शेवटी ती.

मला वाटलं, शेवाळाला घाबरत असेल. एकदा मी हात पुढे केला. "या मावशी, धरा."

"मला कशाला धरतेस? तूच पडशील ते बूट घालून," ती म्हणाली आणि टणाटण वर चढून गेली.

मनोरीच्या एका कॉटेजमध्ये ती स्वयंपाक करायची. शनिवार-रविवारी अंधेरी-बोरिवलीहून येणाऱ्या लोकांना कोळंबीचं सुकं, सुरमईची कढी, तांदळाची भाकरी. राहायला गोरेगावात. सासरे गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. नवरा काशीराम वायरमन होता. मुलगी अक्षता एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. आठवड्याची सुट्टी मंगळवारी, आणि त्या दिवशी मालन घरी सापडायची नाही.

बोटीवरचा खलाशी केतन तिला त्यावरून छळायचा. केतन मनोरीचाच, कोळी, पंचविशीतला.

"मावशी, या मंगळवारी कुठे? दुबई?"

"तुझ्या सासुरवाडीला."

"लग्न कुठे झालंय माझं?"

"म्हणून तर चाललेय. सांगून येते त्यांना, पोरगी वाचवा म्हणून."

सगळी बोट हसायची. तिला सगळे फिरस्ती मावशी म्हणायचे, कारण या शहरात जिथे जिथे बोट सुटते तिथे तिथे ती जाऊन आली होती. बोरिवलीहून गोराई, वेसाव्याहून मढ. भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवस. तिथूनच मांडव्याची ती मोठी रो-रो, जिच्यात मोटारी आणि बसही चढतात. भाईंदरहून वसई. बेलापूरची वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा तिकिटासाठी पैसे साठवून तीसुद्धा केली. मोऱ्याला ओहोटीत लाँच लागत नाही, पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद होतात पण भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बरेचदा चालू असते, घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद असतात, हे सगळं तिला तोंडपाठ. मुंबईत एवढं फिरलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, एकदा आपणही जाऊ.

म्हणून एका मंगळवारी मी रजा टाकली आणि आम्ही घारापुरीला गेलो.

गेटवेवर लाँचमध्ये चढताना प्रत्येकाला नारिंगी जॅकेट दिलं. वरच्या डेकवर बसायला थोडे जास्त पैसे. मी म्हटलं वर बसू, पण मालनला खालीच बसायचं होतं, उतरायच्या जागेजवळ. तासाभराचा प्रवास. मोठाली जहाजं नांगर टाकून उभी होती. वरून कुणीतरी वेफर्स उडवत होतं आणि समुद्रपक्षी ते हवेतच पकडत होते. मी मोबाइलवर फोटो काढत होते. मालन पाण्याकडे बघतच नव्हती. लाँचमधल्या लोकांच्या डोक्यांकडे बघत होती.

बेटावर उतरलो. धक्क्यावरून आत जायला छोटी आगगाडी असते. मी तिकडे निघाले.

"तू जा. लेण्या बघून ये," ती म्हणाली. "मी इथेच बसते."

"मावशी, तुम्ही लेण्या बघितल्यात?"

"नाही."

"किती वेळा आलात इथे?"

"आलेय पाच-सहा वेळा."

ती धक्क्याच्या कठड्यावर बसली. मीही गेले नाही. उन्हात तिच्याशेजारी बसले. मागची लाँच आली. माणसं उतरली. मालन ताठ झाली. एकेक माणूस पुढे जात होता आणि तिची मान त्याच्याबरोबर वळत होती. शेवटचा माणूस गेला, तिचे खांदे खाली आले. पुन्हा दुसरी लाँच, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एक उंचसा माणूस निळ्या शर्टात उतरला, थोडा डावीकडे कलून चालणारा. मालन उठून उभी राहिली. दोन पावलं गेली. माणसाने वळून बायकोला हाक मारली. मालन परत येऊन बसली.

"पाठ अगदी तशी होती," ती म्हणाली.

"कुणाची?"

"ह्यांची."

मग तिने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी, कोजागिरीच्या आदल्या दिवशी, काशीराम सकाळी स्कूटर घेऊन मनोरीला कामाला गेला. एका बंगल्यात वायरिंग करायचं होतं. मार्व्याहून बोटीत चढला. चढताना तिकीटवाल्याने पाहिलं होतं, ओळखीचा होता. बंगल्यावर तो पोचलाच नाही. संध्याकाळपर्यंत घरी नाही, फोन बंद. दुसऱ्या दिवशी मालनचा दीर मनोरीला गेला तर धक्क्याच्या वर, रस्त्याच्या कडेला, स्कूटर स्टँडवर उभी. चावी नाही. माणूस नाही.

"पोलीस म्हणाले, गाडी उतरली म्हणजे माणूस उतरला. बोटवाले पण तेच म्हणाले. गाडी लावली, चावी खिशात घातली आणि गेला चालत. दीर म्हणाला, वहिनी, त्याचं तिकडे काहीतरी असेल. काहीतरी म्हणजे बाई." ती हसली, पण नुसत्या ओठांनी. "सगळ्यांनी तेच धरलं. मग मी पण धरलं. स्कूटर उतरली तर हे उतरले. उतरले म्हणजे आहेत. मला सोडून गेले, पण आहेत."

"म्हणून मनोरीला नोकरी?"

"म्हणून. आणि मंगळवारी दुसऱ्या बोटी. ह्यांना बोट फार आवडायची गो. बसने कधी जायचे नाहीत, बोट असली तर बोट. कुठल्या तरी धक्क्यावर उतरतीलच एक दिवस." मग थोड्या वेळाने म्हणाली, "फक्त एक गोष्ट मला कळली नाही. हँडल लॉक नव्हतं. हे घराखाली, देवळाखाली, दोन मिनिटं पान आणायला थांबले तरी लॉक मारायचे. मी पोलिसाला सांगितलं. तो म्हणाला, पळून जाणारा माणूस लॉक मारत बसेल का?"

परतीच्या लाँचमध्येही ती उतरायच्या जागेजवळच बसली. मलाही त्या दिवसापासून एक वाईट सवय लागली. मनोरीला बोट टेकली की मीही उतरणाऱ्यांकडे बघायला लागले. उतरणाऱ्या माणसाची फक्त पाठ दिसते. तोंड दिसत नाही. पन्नास पाठींत एखादी तरी तुम्ही बघितलेल्या एखाद्या फोटोतल्या माणसासारखी वाटते. मी काशीरामचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, तरी वाटायचं.

त्या सुमाराला अक्षताचं लग्न ठरलं. मुलगा मुलुंडचा, बँकेत. माणसं चांगली होती, पण पत्रिकेचा मजकूर ठरवायला बसले तेव्हा अडलं. मुलाचे वडील श्यामसुंदर म्हणाले, वधूपित्याच्या नावाआधी कैलासवासी लिहायला पाहिजे. माणूस सात वर्षं सापडला नाही की गेलाच धरतात, कायदासुद्धा तेच म्हणतो. लोक विचारतात, उत्तर काय देणार?

एका सकाळी अक्षता आईला सोडायला मार्व्यापर्यंत आली होती. बोटीची वाट बघत दोघी भांडत होत्या.

"आई, तू श्री लिहिलंस तर लग्नात सगळे विचारणार, बाबा कुठेत? मी काय सांगू? फिरायला गेलेत?"

"कैलासवासी लिहू? मग मी हे गळ्यातलं काढून येऊ लग्नात?"

"मी असं बोलले का?"

"पत्रिका बोलणार आहे ना."

"अगं, पण ते गेलेत गं! एक तर गेलेत, नाहीतर टाकून गेलेत. दुसरं असेल तर मला पहिलंच हवंय." अक्षता रडत नव्हती, पर्सचा पट्टा ओढत होती. "तू ठरव. पुढच्या शनिवारपर्यंत छापायला द्यायचीय."

ती बस पकडायला वळली. मालन बोटीत चढली. केतनने त्या दिवशी काही चिडवलं नाही.

लगेचच्या रविवारला जोडून सुट्ट्या होत्या, आणि अशा रविवारी मनोरीच्या बोटीला पाय ठेवायला जागा नसते. मालनला कॉटेजवर लवकर बोलावलं होतं, माझं एक मोजमाप राहिलं होतं. बोटीत गाड्याच गाड्या. गर्दीत मालन सरकत सरकत पहिल्यांदाच गाड्यांच्या मध्ये अडकली. तिच्या पुढ्यात, अगदी तोंडाशी, एक निळी स्कूटर होती. तिचा मालक, निहार नावाचा मुलगा, आपल्या दोन मित्रांशी मोठमोठ्याने बोलत होता म्हणून नाव कळलं. बोट सुटल्यावर तो माणसांतून वाट काढत मागच्या टोकाला गेला, पाण्याची रेघ आणि मागे राहणारा मार्व्याचा किनारा शूट करायला.

मनोरीला बोट टेकली. फळी पडली. "चला चला, गाड्या काढा!" केतन ओरडला. निळ्या स्कूटरच्या मागे सगळे खोळंबले. कुणीतरी म्हणालं, "ही कुणाची? काढा ना!" बोट चालवणारा तांडेल मधुकर, साठीचा, वरून म्हणाला, "घे रे केतन." केतनने स्कूटर धरली, फळीवरून बाहेर काढली, उतारावरून वर नेली, स्टँडवर लावली आणि पळत परत आला. मागचे सगळे निघाले. माणसं उतरली. मनोरीहून मार्व्याला जाणारे चढले, तेही भरपूर. सुट्टीच्या दिवशी बोट थांबत नाही, भरली की सुटते. इंजिन सुरू झालं.

आम्ही दोघी धक्क्यावर उभ्या होतो. मालन नेहमीप्रमाणे शेवटी उतरली होती. बोट दोन बोटींच्या लांबीइतकी दूर गेली आणि मागच्या टोकावरून आवाज आला, "अरे! अरे ओ! माझी गाडी!"

निहार होता. मोबाइल हातात, हेडफोन कानात, आत्ता कुठे मान वर केलेली. त्याचे मित्र धक्क्यावर स्कूटरपाशी उभे राहून पोट धरून हसत होते. "जा जा, मार्व्याला जाऊन ये! चहा पिऊन ये!" बोट त्याला घेऊन परत चालली. धक्क्यावरचे सगळेच हसत होते. मीही हसले.

मालन हसत नव्हती. ती स्कूटरकडे बघत होती. मग स्कूटरपाशी गेली, वाकली आणि हँडल धरून डावीकडे फिरवलं. उजवीकडे फिरवलं. सुटं होतं.

"काकी, काय करताय?" एक मित्र म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याच्या कडेला खाली बसली. मी पाणी दिलं, तिने बाटली हातात धरून ठेवली. कॉटेजवरून फोन येत होता, तिने उचलला नाही. बोट परत येईपर्यंत ती तशीच बसून होती. निहार उतरला, लाजून हसत, मित्रांनी त्याच्या पाठीत धपाटे घातले, तिघे निघून गेले. मालन उठली आणि फळीपाशी गेली.

"मधुकरदादा."

तांडेल खाली आला. त्याला वाटलं, पैसे किंवा काही विसरलं असेल. "काय मालनबाई?"

"त्या दिवशी तुम्ही होतात बोटीवर."

कुठल्या दिवशी हे त्याला विचारावं लागलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"होतो."

"ह्यांना उतरताना बघितलंत तुम्ही?"

"गाडी उतरली होती ना मालनबाई. मी पोलिसांना..."

"मी गाडीचं नाही विचारत."

मधुकर टोपी हातात फिरवत राहिला. मागे माणसं चढत होती, केतन तिकिटं बघत होता.

"गाडी कुणीतरी बाहेर घेतली," तो शेवटी म्हणाला. "मी घेतली का तेव्हाच्या खलाशाने, आठवत नाय. तोंडाशीच होती. गाडी वर लागली, आमी धरून चाललो माणूस वर गेला. आमचं असंच असतं. गाडी गेली म्हणजे माणूस गेला." त्याचा आवाज बारीक झाला. "बघितलं नाय. खरं सांगतो, उतरताना नाय बघितलं."

"पाण्यात पडले असते तर?"

"भरलेली बोट होती. ओरड झाली असती. कुणीतरी बघितलं असतं."

"तुम्ही म्हणताय कुणीतरी बघितलं असतं. उतरताना तरी कुठे कुणी बघितलं?"

मधुकरने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. बोट सुटायची वेळ झाली होती. तो वर गेला.

दुपारी मालन माझ्या कामाच्या शेडवर आली. एरवी ती तिथे कधी यायची नाही, चिखल फार असतो. हाताला अजून मसाल्याचा वास होता.

"बाय, तू हे पाण्याचं मोजतेस ना. खाडीत पडलेलं माणूस कुठे जातं?"

मी म्हटलं, मावशी, असं सांगता येत नाही.

"थोडं तरी सांगता येईल. एवढी शिकलीस."

मग मी सांगितलं. कोजागिरीचा आदला दिवस म्हणजे पौर्णिमा तोंडावर. पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमाराला पूर्ण होते. सकाळची बोट, म्हणजे पाणी भरत होतं, समुद्राकडून खाडीत आत येत होतं, आणि उधाणाची भरती म्हणजे जोरात. मागच्या तारखेचं गणित करता येतं, मी लॅपटॉपवर करूनही पाहिलं. तेच निघालं. अशा वेळी पडलेली गोष्ट आधी आत जाईल, तिवरांच्या झाडीकडे. आत कोळ्यांची जाळी असतात, रोज कुणी ना कुणी जातं. पुढच्या काही दिवसांत कुठेतरी दिसलं असतं.

"बहुतेक," मी म्हटलं. "बहुतेकच. ओहोटीला परत बाहेरही जाऊ शकतं."

"पण बहुतेक दिसलं असतं."

"हो."

ती बाजूच्या ड्रमवर बसली. खाडीचं पाणी त्या वेळी उतरत होतं आणि चिखलातून बुडबुडे येत होते. तिने तिकडे बघत म्हटलं, "म्हणजे उतरले असं कुणी बघितलं नाही. पडले असंही नाही. मग तिसरं काय राहिलं?"

मला कळलं होतं. मी लॅपटॉप मिटला.

"तो पोरगा कसा परत गेला," ती म्हणाली. "तसे."

तिने चपलेचा चिखल ड्रमला घासला. मग: "अकरा वर्षं मी उतरणाऱ्यांकडे बघत बसले. बोटीत बसून राहिलेल्याकडे एकदा पण बघितलं नाही."

त्या संध्याकाळपासून ती बदलली. सकाळी कामाला जाताना ती आता मनोरीला बोट टेकली तरी उतरायची नाही. सगळे उतरायचे, मनोरीचे चढायचे आणि ती त्याच बोटीने मार्व्याला परत जायची. मार्व्याला पण उतरायची नाही. परत मनोरी, मग तिथे उतरून कामाला. केतन आधी हसला, मग घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मावशीला काय झालं? कठड्याशी उभी राहते आणि मार्व्याकडेच बघत राहते. मला भीती वाटते. उडी-बिडी मारेल." तो आता तिच्या मागे हातभर अंतरावर उभा राहायला लागला. तिकीट मागायचा नाही.

शनिवारी मी तिच्याबरोबर ती उलटी फेरी केली. मनोरीहून सुटताना मार्व्याचा धक्का लहान दिसतो. मग हळूहळू उतार दिसतो, वरची टपरी दिसते, बसची रांग दिसते, रांगेतली माणसं वेगळी वेगळी दिसायला लागतात. मालन अगदी न हलता बघत होती. मला वाटलं, ती काशीरामला शोधतेय. पण नाही. त्या दिवशी बोटीतून परत येताना काशीरामने जे बघितलं असेल ते ती बघत होती.

"अक्षताला फोन केला सकाळी," ती म्हणाली. "सांगितलं, नुसतं नाव छाप. श्री नको, कैलासवासी नको. मालन आणि काशीराम घाडी यांची कन्या. बस."

"मुलुंडवाले काय म्हणाले?"

"अक्षताच म्हणाली, चालेल आई. म्हणाली, मी बघते त्यांना काय सांगायचं." ती पदर सारखा करत म्हणाली, "रडली ती. मी म्हटलं, अगं, टाकून नाही गेले. एवढं तरी कळलंय मला."

"कसं कळलं, मावशी?"

बोट खाडीच्या मधोमध आली होती. वारा होता, इंजिनाचा आवाज होता, म्हणून ती माझ्या जवळ सरकून बोलली. पोलिसाला ती हे कधी बोलली नव्हती, दिराला नाही, मुलीलाही नाही. लपवायचं म्हणून नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

त्या सकाळी काशीराम निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तो डबा विसरलाय. तिने रिक्षा केली, मार्व्याला आली. धावत उतारावर पोचली तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. तो तोंडाशी नव्हता. मागच्या टोकाला, कठड्याशी उभा होता, मार्व्याकडे तोंड करून. तिने डबा वर धरून हलवला. त्याने हात वर केला. तिला वाटलं, राहू दे म्हणतोय, तिकडे काहीतरी खाईन म्हणतोय. अक्षताची शाळा सुटायच्या आत घरी पोचायचं होतं. ती वर आली, बस उभी होती, चढली.

"तो हात," ती म्हणाली. "राहू दे म्हणून नव्हता गो. थांब म्हणून होता. थांब, ह्याच बोटीने परत येतो, डबा घेतो, परत जातो. गाडी कुणीतरी काढेल वर, काढतातच. ह्यांना माहीत होतं, रोज जायचे ते. दहा मिनिटांचं तर काम."

बोट मार्व्याला टेकत होती. केतन फळी घेऊन उभा राहिला. धक्क्यावर रविवारच्या आधीची तुरळक गर्दी होती, दोन-तीन बायका, एक पोरगी फोनवर, बसचा कंडक्टर चहा पीत. मालन त्या उताराच्या एका ठरावीक जागेकडे बघत होती, जिथे कुणीच उभं नव्हतं.

"तर हे परत इथे मार्व्यालाच आले. मी इथे नव्हते. बरं, नव्हते तर नव्हते, चुकामूक झाली असेल म्हणायचं आणि पुढची बोट धरायची. गाडी तिकडे, काम तिकडे, बंगलेवाला वाट बघतोय." तिने माझ्याकडे पाहिलं, मी इंजिनीअर आहे म्हणून मला ठाऊक असेल अशा नजरेने. "माणूस पुढची बोट धरतो ना गो? मग ह्यांनी का नाही धरली?"